घटक चाचणीआधी जुना भाग परत कसा आणायचा: नव्या शिक्षकांसाठी सात आठवड्यांचं नियोजन

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे नववीचं विज्ञान होतं. पहिल्या घटक चाचणीला चार धडे होते: गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, द्रव्याचे मोजमाप. चाचणीच्या आधीचा अख्खा आठवडा मी उजळणीला दिला. फळ्यावर सगळी सूत्रं लिहिली, मुलांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली, मी विचारलं, "समजलं ना?" आणि सगळा वर्ग एका सुरात "हो मॅडम" म्हणाला. पेपर तपासायला घेतले तेव्हा द्रव्याच्या मोजमापाचे प्रश्न बऱ्यापैकी सुटलेले होते आणि अंतर व विस्थापनाचा प्रश्न कितीतरी पेपरांत कोरा होता. हाच भाग मी सर्वांत निवांत, सर्वांत जास्त उदाहरणं देऊन शिकवला होता. पण तो जूनमध्ये शिकवला होता, आणि त्यानंतर थेट ऑगस्टमध्ये त्याचं तोंड पाहिलं होतं. मधल्या सहा आठवड्यांत मुलांना तो एकदाही स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढावा लागला नव्हता.

तेव्हापासून मी शेवटच्या आठवड्यावर विसंबणं सोडलं. जुना भाग आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा परत आणायचा, आणि तो आपण सांगायचा नाही, मुलांनी आठवून लिहायचा. आमच्या शाळेत याला आम्ही नुसतं 'फेरी' म्हणतो. ती कशी आखायची ते नववीच्या याच चार धड्यांवर दाखवते. तुमचा विषय इतिहास असो की इंग्रजी, आखणी हीच राहते, फक्त प्रश्न बदलतात.

उजळणी आणि फेरी यांतला फरक

उजळणीत शिक्षक बोलतो आणि मूल ओळखतं. "हां, हे झालेलं आहे" असं त्याला वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असा त्याचा आणि आपलाही समज होतो. फेरीत पुस्तक बंद, फळा कोरा, आणि मुलाला उत्तर स्वतः शोधून कागदावर उतरवावं लागतं. ती शोधाशोध हाच सराव. माझ्या वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, "मॅडम, माले माहीत शे, पन लिखता येत नही." आधी मला वाटलं भाषेची अडचण असेल. तिला अहिराणीत सांगायला सांगितलं, तर तिथेही गाडी अडली. माहीत असल्याची भावना होती, माहिती हाताशी नव्हती.

यावरचा एक प्रयोग मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन मुलांना उतारे वाचायला दिले. काही उतारे मुलांनी पुन्हा वाचले, काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांतलं ८१ टक्के आठवलं आणि आठवून लिहिलेल्यांतलं ७५ टक्के. म्हणजे पुन्हा वाचणंच बरं, असं दिसलं. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेलं ४२ टक्क्यांवर आलं होतं आणि आठवून लिहिलेलं ५६ टक्क्यांवर टिकलं होतं. हे उलटणं ध्यानात ठेवा. फेरी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तुमचा वर्ग शेजारच्या, उजळणी घेणाऱ्या वर्गापेक्षा कच्चा वाटू शकतो, आणि मुख्याध्यापक वर्गांवरून चक्कर मारताना नेमकं तेच बघतात. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिलं काम: चाचणीचा भाग आठवड्यांच्या तुकड्यांत पाडणं

धड्याला एकक धरू नका. 'गतीचे नियम' हा एक धडा असला तरी त्यात विस्थापन आहे, त्वरण आहे, समीकरणं आहेत, न्यूटन आहे. धडा संपल्यावर फेरी घ्यायची म्हटलं तर पहिला भाग शिकवून दोन आठवडे उलटलेले असतात. एका आठवड्यात जेवढं शिकवून होतं तो एक तुकडा.

आमच्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पहिले काही दिवस पुस्तकं, प्रवेश आणि हजेरी जमवण्यात जातात. खरं शिकवणं जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतं आणि चाचणी साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. म्हणजे हातात सात आठवडे, आठव्यात चाचणी. माझे तुकडे असे पडले:

तुकडा १: अंतर व विस्थापन, चाल व वेग, त्वरण
तुकडा २: गतीची समीकरणं, न्यूटनचे नियम
तुकडा ३: कार्य, गतिज आणि स्थितिज ऊर्जा
तुकडा ४: शक्ती, विद्युतधारा आणि विभवांतर
तुकडा ५: ओहमचा नियम, रोधांची जोडणी
तुकडा ६: संयुजा आणि मूलके

सातव्या आठवड्याला तुकडा नाही. तो आठवडा नव्या भागासाठी मोजायचाच नाही. वार्षिक नियोजन करताना मन होत नाही, एक आठवडा रिकामा सोडला असं वाटतं. पण सहाव्या आठवड्यात शिकवलेला भाग चाचणीआधी एकदा तरी परत यायचा असेल, तर नवं शिकवणं तिथे थांबायला हवं.

दुसरं काम: चाचणीच्या तारखेपासून मागे मोजणं

सगळी मोजणी चाचणीच्या तारखेपासून. तारीख शाळेने अजून जाहीर केली नसेल तर मागच्या वर्षीची धरा आणि टाचणवहीच्या पहिल्या पानावर सात आठवडे उभे लिहा. मग प्रत्येक तुकड्यापुढे तो कधी परत येणार ते भरा. नियम सोपा आहे: शिकवल्याच्या पुढच्या आठवड्यात पहिली फेरी, त्यानंतर दोन आठवड्यांनी दुसरी, त्यानंतर तीन आठवड्यांनी तिसरी. फेरी चाचणीच्या पुढे जात असेल आणि त्या तुकड्याला जास्तीची गरज दिसत असेल, तर ती ओढून सातव्या आठवड्यात आणा.

| आठवडा | नवा तुकडा | परत येणारे तुकडे |
|---|---|---|
| १ | १ | – |
| २ | २ | १ |
| ३ | ३ | २ |
| ४ | ४ | ३, १ |
| ५ | ५ | ४, २ |
| ६ | ६ | ५, ३ |
| ७ | – | ६, ५, ४, २, १ |
| ८ | चाचणी | |

तक्ता आडवा वाचून बघा. चौथ्या आठवड्यात मुलं विभवांतर शिकत असताना फेरीत कार्य-ऊर्जा येते आणि सोबत जूनमधलं त्वरणही येतं. तेच त्वरण सातव्या आठवड्यात, तीन आठवड्यांच्या खंडानंतर, पुन्हा येतं. दुसऱ्या तुकड्याची तिसरी फेरी नियमाने आठव्या आठवड्यात गेली असती, पाचव्याची दुसरीही तिथेच गेली असती. दोन्ही मी सातव्यात आणल्या. तिसऱ्याची दुसरी फेरी सहाव्यातच होते, म्हणून सातव्यात त्याला जागा दिली नाही.

हे अंतर कुठून काढलं, असं विचारलं जातं. सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली १,३५० पेक्षा जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की परीक्षा जितकी दूर, तितकं शिकणं आणि परत बघणं यांत जास्त अंतर ठेवावं. परीक्षा आठवड्यावर असेल तर त्या काळाच्या वीस ते चाळीस टक्के, वर्षावर असेल तर पाच ते दहा टक्के अंतर सर्वांत लाभाचं ठरलं. आपली चाचणी या दोन्हींच्या मध्ये पडते, त्यामुळे आठवडा-दोन आठवड्यांचं अंतर ठीक बसतं. मात्र त्या प्रयोगात एकदाच परत बघणं होतं आणि सुटी माहिती लक्षात ठेवायची होती, गणितं सोडवायची नव्हती. म्हणून आकड्याला चिकटून बसू नका. अंतर वाढत जावं की सारखं राहावं, यावरही डोकं शिणवू नका. दोन दिवस इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. फेरी बुडाली तर बिघडतं.

तिसरं काम: प्रश्न आधी लिहून ठेवणं

वर्गात उभं राहून सुचतील ते प्रश्न विचारायला गेलात, तर ते सगळे व्याख्येचे होतात. रविवारी अर्धा तास बसून पूर्ण आठवड्याचे प्रश्न टाचणवहीत लिहून ठेवा. मी आठवड्यात दोन फेऱ्या घेते, एका फेरीत चार प्रश्न. म्हणजे आठच प्रश्न लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकच तुकडा परत येत असल्याने त्याहून कमी.

प्रश्नाची एक कसोटी आहे: तो एका मिनिटात लिहून होणारा हवा आणि त्याचं उत्तर पर्यायांतून निवडता येऊ नये. 'बरोबर की चूक' मध्ये नाणं उडवूनही निम्मे बरोबर येतात, त्यात आठवणं घडत नाही.

दुसरं म्हणजे तोच तुकडा परत आला की प्रश्नाचं रूप बदलायचं. नाहीतर मुलं विषय सोडून प्रश्न पाठ करतात. पहिल्या तुकड्याचे माझे प्रश्न तीन फेऱ्यांत असे होते.

दुसऱ्या आठवड्यात, अगदी सरळ: अंतर आणि विस्थापन यांतला फरक एका वाक्यात लिहा. त्वरणाचं सूत्र आणि एकक लिहा.

चौथ्या आठवड्यात, आकडे घालून: एक मुलगी घरून तीन किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने आली आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी गेली. तिने कापलेलं अंतर किती आणि विस्थापन किती? स्टँडवरून निघालेल्या एसटीचा वेग ५ सेकंदांत १० मीटर प्रति सेकंद झाला. त्वरण किती?

सातव्या आठवड्यात, दुसऱ्या तुकड्यात मिसळून: एसटी २० मीटर प्रति सेकंद वेगाने चालली आहे. समोर केळीने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, चालकाने ब्रेक लावला आणि गाडी ४ सेकंदांत थांबली. त्वरण किती? थांबेपर्यंत गाडी किती अंतर गेली? इथे त्वरण −५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं आणि s = ut + ½at² वापरून अंतर ८० − ४० म्हणजे ४० मीटर. प्रश्नात कोणतं समीकरण वापरायचं ते सांगितलेलं नाही. चाचणीतही ते सांगितलेलं नसतं, आणि धड्याखालचा स्वाध्याय सोडवताना मुलांना ते कधीच ठरवावं लागत नाही, कारण धड्याच्या नावावरूनच कळतं.

कार्याच्या तुकड्यासाठी मी केळीचा घड घेते. २० किलोचा घड जमिनीवरून दीड मीटर वर खांद्यावर घेतला तर किती कार्य झालं? 20 × 9.8 × 1.5 म्हणजे २९४ ज्यूल. आणि तोच घड खांद्यावर घेऊन सपाट बांधावरून शंभर पावलं चालला, तर घड पेलून धरणाऱ्या वरच्या दिशेच्या बलाने किती कार्य केलं? उत्तर शून्य. ज्या घरात केळीची बाग आहे तिथली मुलं या उत्तरावर भांडतात, आणि भांडलेलं विसरत नाहीत. न्यूटनच्या तिसऱ्या नियमासाठी बैलगाडी आहे: बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी पुढे कशी जाते? "दोन्ही बलं एकमेकांना खोडतात" असं लिहिलेलं दिसलं, की समजायचं, ती दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत हे पोचलेलं नाही. गाडीवर काय काय बलं आहेत तेवढंच मोजायला लावा, मग उलगडतं.

चौथं काम: तासाची पहिली आठ मिनिटं

हजेरी झाली की पुस्तकं दप्तरात जातात. मुलं वही शेवटच्या पानावर उघडतात, कारण फेरीची पानं मागून सुरू होतात. मी फळ्यावर चार प्रश्न लिहिते आणि घड्याळ पाहते. चार मिनिटं कोणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही.

हे न बोलणं नव्या शिक्षकाला सर्वांत जड जातं. मागच्या वर्षी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने एसटीच्या प्रश्नाखाली 'त्वरण =' लिहिलं आणि पेन वर धरून बसला. माझ्या तोंडावर आलेलं, "अरे, वेगातला बदल भागिले..." मी गिळलं. त्याने आधी कोपऱ्यात v, u, t लिहिलं, मग u पुढे शून्य लिहिलं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि मग भागाकार मांडला. पाऊण मिनिट लागलं असेल. मी पहिल्या दहा सेकंदांत बोलले असते तर उत्तर त्याच्या वहीत आलं असतं, पण आठवण्याचं काम माझं झालं असतं.

पुढची तीन-चार मिनिटं उत्तरांची. उत्तर त्याच तासाला द्यायलाच हवं, उद्यावर टाकायचं नाही, नाहीतर चुकीचं आठवलेलं तसंच राहून जातं. मी उत्तर फळ्यावर लिहिते, मुलं आपापलं तपासतात आणि चुकलं असेल तर खाली पेन्सिलीने दुरुस्त करतात. पेनाने लिहिलेलं खोडायचं नाही, कारण पुढच्या फेरीआधी मुलाला आपली जुनी चूक दिसायला हवी.

गुण द्यायचे नाहीत. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीतही हे घ्यायचं नाही. एकदा मी दहापैकी गुण लिहून घेतले, तर पुढच्याच फेरीला मधल्या रांगेत माना शेजारच्या वहीकडे वळल्या. नक्कल केलेलं बरोबर उत्तर मुलाच्या कामाचं नाही, आणि वर्गाला काय येतं ते मलाही कळत नाही.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आठवड्याला चाळीस मिनिटांचे चार तास म्हणजे १६० मिनिटं. त्यातली १६ फेरीला गेली, म्हणजे दहावा हिस्सा. तास सुरू करताना आपण "काल काय शिकलो" म्हणून पाच मिनिटं स्वतःच बोलतो, ती बंद केली की बरीचशी भरपाई तिथेच होते. सातव्या आठवड्यात नवा भाग नसल्याने मी चारही तासांना फेरी घेते. सोळा प्रश्न होतात: सहाव्या आणि पाचव्या तुकड्याचे चार-चार, चौथ्या आणि दुसऱ्याचे तीन-तीन, पहिल्याचे दोन. तासाचा उरलेला वेळ त्यात जे अडलं त्याला.

पाचवं काम: हात मोजून पुढचं ठरवणं

उत्तरं तपासून झाली की प्रत्येक प्रश्नाला "कोणाचं दुरुस्त करावं लागलं नाही?" असं विचारून हात मोजा आणि आकडा टाचणवहीत प्रश्नासमोर लिहा. अर्धं मिनिट लागतं. मी स्वतःसाठी ठरवलेली मोजपट्टी अशी: निम्म्याहून कमी हात असतील तर तो मुद्दा तिथेच थोडक्यात पुन्हा शिकवायचा आणि पुढच्याच आठवड्यात त्याचा एक प्रश्न घालायचा. निम्म्याहून जास्त असतील तर तक्ता आहे तसा चालू. पाचातले चार असतील तर त्या मुद्द्याचा एक प्रश्न कमी करून जागा कच्च्या मुद्द्याला द्यायची.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी वर्गात ४७ मुलं होती. सायकलच्या प्रश्नाला ३८ हात वर आले, एसटीच्या त्वरणाला १९. वह्या बघत फिरले तर चूक एकच, पण दोन तऱ्हांची. काहींनी ५ भागिले १० करून ०.५ काढलं होतं, काहींनी १० गुणिले ५ करून ५०. दुसऱ्या आठवड्यात याच मुलांनी सूत्र अचूक लिहिलं होतं. म्हणजे सूत्र अक्षरं म्हणून डोक्यात होतं, दर सेकंदाला वेग किती वाढतो हा अर्थ निसटला होता. मी पुन्हा सगळा धडा काढला नाही. फळ्यावर एक, दोन, तीन, चार, पाच सेकंद लिहिले, एसटीचा वेग सारखा वाढत दहावर जातो म्हटलं आणि प्रत्येक सेकंदाखाली वेग भरायला लावला: २, ४, ६, ८, १०. पाच मिनिटांत झालं. पाचव्या आठवड्याच्या फेरीत तक्त्यात नसताना त्वरणाचा एक प्रश्न घातला, या वेळी आकडे वेगळे आणि गाडीऐवजी उतारावरची सायकल. ४९ पैकी ३६ हात वर आले.

एका गोष्टीला फसू नका. प्रश्न लिहून न घेता तोंडी विचारले, तर नेहमीची चार मुलं उत्तर देतात आणि बाकीचे मान हलवतात. मग वाटतं, सगळ्यांना येतंय. आणि सगळे हात सगळ्या प्रश्नांना वर येत असतील, तर एकतर प्रश्न फार सोपे आहेत किंवा फेरी शिकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी घेतली जातेय. थोडं विसरायला लागलं असताना आठवणं, यातच फायदा आहे. उलट कोणालाच काही आठवत नसेल तर त्या फेरीतून काही मिळत नाही. तो भाग पुन्हा शिकवावा लागतो आणि त्याची पहिली फेरी नव्याने मोजावी लागते.

वेळापत्रक मोडतं तेव्हा

मोडतंच. आमच्या गावचा आठवडे बाजार मंगळवारी भरतो आणि त्या दिवशी हजेरी उतरते, म्हणून फेरी मंगळवारी ठेवत नाही. सोमवार आणि गुरुवार धरते. पण नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन असतं, आणि त्या सोमवारी वर्ग निम्मा रिकामा असतो. काही वर्षी तो सोमवार नेमका सातव्या आठवड्यात येतो. जूनमध्येच पंचांग बघून त्या दिवशीचे प्रश्न आधीच्या शुक्रवारी हलवा.

पावसाने किंवा इतर कामांनी एखादा पूर्ण आठवडा गेला, तर दोन आठवड्यांच्या फेऱ्या एकात कोंबू नका. आठ मिनिटांची वीस होतात आणि मुलं कंटाळतात. परत आल्यावर आधी सर्वांत ताज्या तुकड्याची पहिली फेरी घ्या, कारण ती लांबली तर त्यातलं फार निसटतं. जुन्या तुकड्यांच्या फेऱ्या आठवडाभर पुढे सरकल्या तरी चालतं. तक्ता कुठेतरी आखडायचाच असेल तर नवा भाग आखडा. सातवा आठवडा खाऊन सहावा तुकडा पूर्ण करायचा मोह होतो. मी एकदा केलं तसं, आणि मूलकांच्या प्रश्नांना मिळालेल्या गुणांत त्याचं काही फळ दिसलं नाही.

गैरहजर मुलांसाठी वेगळी फेरी घेत बसायची गरज नाही. तुकडा पुन्हा येणारच आहे. फक्त एखादं मूल तो भाग शिकवतानाच गैरहजर होतं का, ते हजेरीत बघा. त्याला फेरी देऊन उपयोग नाही, कारण आठवायला डोक्यात काही गेलेलंच नाही. त्याला आधी कोणीतरी तो भाग समजावून द्यायला हवा. मी हे काम शेजारी बसणाऱ्या मुलाला देते आणि स्वतः दोन प्रश्न विचारून खात्री करते.

उत्तर अहिराणीत किंवा अर्धं अहिराणीत आलं तर बरोबर माना आणि दुरुस्तीच्या वेळी प्रमाण मराठीतली संज्ञा खाली लिहायला लावा. चाचणीत संज्ञा लागते, पण आठवण्याच्या वाटेवर भाषेचं फाटक बसवलं तर काही मुलं लिहिणंच बंद करतात.

फेरीने काय होत नाही

गणित मांडायचा हातखंडा फेरीने येत नाही. ओहमच्या नियमावरची पहिली आठ-दहा गणितं शिकवण्याच्या तासातच सोडवून घ्यावी लागतात. फेरी ते निसटू देत नाही, एवढंच तिचं काम. लांब उत्तरं, आकृत्या, प्रयोगाचं वर्णन हेही चार मिनिटांत बसत नाही. आकृतीसाठी मी फक्त नावं देण्याचा प्रश्न घालते, आणि पूर्ण आकृती सातव्या आठवड्यातल्या एखाद्या तासात काढून घेते.

चाचणीचे पेपर वाटून झाले की टाचणवहीतले हातांचे आकडे आणि पेपरातले गुण मुद्द्यानुसार शेजारी ठेवा. ज्या मुद्द्यात फेरीला हात भरपूर होते आणि पेपरात गुण कमी, तिथे तुमचा फेरीचा प्रश्न चाचणीच्या प्रश्नापेक्षा सोपा होता. तो प्रश्न त्याच दिवशी लाल पेनाने बदलून ठेवा. मग नवं पान घ्या, वर प्रथम सत्र परीक्षेची तारीख लिहा आणि हेच सहा तुकडे त्या तक्त्याच्या उजव्या रकान्यात महिन्याला एकदा येतील असे भरा. कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी आणखी उतरते, तेव्हा तो रकाना सप्टेंबर संपण्याआधी निम्म्याहून जास्त भरलेला असू द्या.